२०१९ ते २०२४ : आईची देखभाल, पूर्णवेळ

रेझ्युमेच्या पहिल्याच पानावर, शेवटच्या नोकरीच्या बरोबर वर, ही ओळ होती. शेजारी तारखाही महिन्यासकट दिल्या होत्या. खाली ना ‘फ्रीलान्स कन्सल्टिंग’, ना ‘स्वतःचा स्टार्टअप’. आमच्या कंपनीत जावा बॅकएंडच्या मुलाखती घेणं हा माझ्या कामाचा भाग झाल्याला बरीच वर्षं झाली. गॅप असलेले रेझ्युमे मी भरपूर पाहिलेत, पण गॅप एवढी सरळ लिहिलेली क्वचितच दिसते. बहुतेक जण ती दोन नोकऱ्यांच्या मध्ये कुठेतरी दडपतात. फक्त वर्षं लिहायची, महिने गाळायचे, म्हणजे दीड वर्ष सहज दिसेनासं होतं. ते टिकत मात्र नाही. पीएफच्या यूएएन खात्यावर प्रत्येक नोकरीची रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते, आणि पार्श्वभूमी तपासणीवाले ती मागवतात. तिथे तारखा जुळल्या नाहीत की ऑफर लेटर हातात असूनही माणूस बाहेर जातो, आणि तेव्हा कारण गॅप नसतं, खोटं बोलणं असतं.

पॅनेलवर मी आणि आमचे डिलिव्हरी मॅनेजर. उमेदवार चाळिशीच्या आतबाहेरचा, मूळचा मिरजेचा, ब्रेकच्या आधी नऊ वर्षं पुण्यात काम केलेला. मी नेहमीसारखं ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं. तो जे बोलला ते मी जवळजवळ तसंच टिपून ठेवलं :

“नऊ वर्षं जावा आणि स्प्रिंगवर काम केलं, शेवटची तीन पेमेंट्सच्या टीममध्ये. जुलै २०१९ मध्ये आईला पक्षाघात झाला. वडील नाहीत, बहीण परदेशात, म्हणून मी नोकरी सोडून मिरजेला गेलो. त्या काळात पगारी काम केलेलं नाही. आता आई आमच्याकडे पुण्यात आहे, दिवसा मदतनीस बाई असतात, त्यामुळे मी पूर्णवेळ येऊ शकतो. गेले आठ महिने माझा जुना प्रोजेक्ट नव्या व्हर्जनवर आणतोय, त्याबद्दल विचारलंत तर आवडेल.”

मिनिटभरही लागलं नाही. आजाराचं वर्णन नाही, माफी नाही, ‘पुत्रधर्म’ वगैरे नाही. मुलाखत घेणाऱ्याच्या मनात गॅप पाहून दोनच शंका येतात : हा परत मध्येच जाईल का, आणि याला आता कोड येतो का. पहिलीला त्याने एका वाक्यात उत्तर दिलं होतं आणि दुसरीसाठी मला दार उघडून दिलं होतं. उमेदवार इथे चुकतात ते लांबण लावून. दहा मिनिटं दवाखान्याच्या कहाण्या ऐकल्यावर समोरचा माणूस हळहळतो, पण मुलाखतीच्या वेळातली दहा मिनिटं गेलेली असतात, आणि फीडबॅक फॉर्ममध्ये हळहळीसाठी रकाना नसतो.

आमच्या मॅनेजरसाहेबांना तेवढ्याने चैन पडेना. “पाच वर्षं म्हणजे फारच झाली हो. मिसेस नव्हत्या का घरी बघायला?”

मी मध्ये पडणार तेवढ्यात तोच शांतपणे म्हणाला, “होती ना सर. तिची नोकरी चालू होती, तिच्याच पगारावर घर चाललं.”

साहेब गप्प झाले. मग बहुधा भरपाई म्हणून त्यांनी मऊ आवाजात विचारलं, “पण यातून मॅनेजमेंट, लीडरशिप असं बरंच शिकायला मिळालं असेल, नाही?” हा चेंडू अगदी हातात दिलेला होता. अनेक जण तो झेलतात : औषधांच्या वेळापत्रकाचं ‘प्रोजेक्ट प्लॅनिंग’ होतं, डॉक्टरांशी बोलण्याचं ‘स्टेकहोल्डर मॅनेजमेंट’. तो म्हणाला, “शिकलो बरंच सर, पण या जागेसाठी ते मोजायला नको. इथे माझं तांत्रिकच बघा.” मला हे उत्तर फार आवडलं, आणि नुसतं बाणेदार म्हणून नाही. तांत्रिक राउंडमध्ये सेवेचं रूपांतर कौशल्यात करायला गेलं की ऐकणाऱ्याला वाटतं, दाखवायला दुसरं काही नाही.

मी एकच प्रश्न विचारला, जो त्या जागेसाठी येणाऱ्या प्रत्येकाला विचारते : आठवड्यातले तीन दिवस ऑफिस आणि महिन्यातला एक आठवडा रात्रीचा ऑन-कॉल जमेल का? ‘आईची तब्येत आता कशी आहे’ हे विचारण्याचा मला अधिकार नाही, पण कामाच्या वेळा विचारण्याचा आहे. त्याने विचार करून सांगितलं, “ऑन-कॉल घरून जमेल. रात्री अचानक ऑफिसला येणं जमणार नाही.” आमच्याकडे रात्री ऑफिसला कोणी येतच नाही. प्रश्न मिटला.

मग त्या प्रोजेक्टकडे वळलो. मिरजेतल्या एका वाचनालयासाठी त्याने २०१८ मध्ये पुस्तकांच्या देवघेवीचं छोटं ॲप लिहून दिलं होतं : जावा ८, स्प्रिंग बूट २.१, पोस्टग्रेस. ते अजून वापरात होतं. त्याने ते जावा १७ आणि स्प्रिंग बूट ३ वर आणलं. निवड हुशारीची होती, कारण त्याच्या नेमक्या गैरहजेरीत या दुनियेत जे बदललं ते या एका उडीत सापडतं. स्प्रिंग बूट ३ नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं, त्याला किमान जावा १७ लागतं, आणि `javax` ची बरीच पॅकेजेस `jakarta` झाली.

“मग सगळीकडे शोधा-आणि-बदला केलंत?” मी खडा टाकून पाहिला.

“तसं केलं तर `javax.sql` पण बदलतं आणि बिल्ड फुटतं. ते जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतलं आहे, ते तसंच राहतं. बदलायचं ते पर्सिस्टन्स, सर्व्हलेट, व्हॅलिडेशन असलं.”

हे वाचूनही सांगता येतं. म्हणून विचारलं, बिल्ड झाल्यावर, ॲप चालू झाल्यावर काय मोडलं? हाताने काम केलेला माणूस इथे ओळखू येतो. बिल्डच्या चुका सगळ्यांना सारख्याच दिसतात, चालू झाल्यानंतरच्या ज्याच्या त्याला दिसतात.

तो खुर्चीत जरा पुढे सरकला. नवा सभासद नोंदवायला गेलं की ही एरर येत होती :

```
ERROR: relation "member_seq" does not exist
```

स्प्रिंग बूट ३ सोबत डेटाबेसशी बोलणारं हायबरनेट ६ येतं. जुनं हायबरनेट आपोआप क्रमांक देताना सगळ्या टेबलांसाठी मिळून `hibernate_sequence` हा एकच सिक्वेन्स, म्हणजे डेटाबेसमधला पुढचा क्रमांक देणारा मोजणीदार, वापरायचं. नवं प्रत्येक एंटिटीसाठी वेगळा शोधतं, आणि एका वेळी पन्नास क्रमांकांचा गठ्ठा उचलतं. वाचनालयाच्या डेटाबेसमध्ये `member_seq` नव्हताच. सर्वांत मोठा सभासद क्रमांक ८१२ होता, म्हणून त्याने सिक्वेन्स ८१३ पासून सुरू केला. एरर गेली, दुसरी आली : हा क्रमांक आधीच वापरात आहे.

“८१३ पासून सुरू केलं तर ८१३ च मिळायला हवा ना?” मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं. आमच्याच एका टीमचे दोन दिवस यात गेले होते.

त्याने व्हाइटबोर्डवर एक रेघ ओढली. “हायबरनेट सिक्वेन्समधून आलेला आकडा गठ्ठ्याचं वरचं टोक धरतं. ८१३ आला म्हणजे त्याच्या मते गठ्ठा ७६० च्या घरात सुरू होऊन ८१३ ला संपतो. ते सभासद तर आहेतच. म्हणून सुरुवात किमान एकोणपन्नासने पुढे ढकलायची.”

```sql
CREATE SEQUENCE member_seq START WITH 950 INCREMENT BY 50;
```

“९५० का?”

“८६३ पण चाललं असतं. पण वाचनालयाच्या काकांना क्रमांकात उडी दिसणारच होती, मग ती गोल आकड्याजवळ दिसलेली बरी. ९५० दिला की पहिला नवा क्रमांक ९०१ येतो. त्यांना आधी फोन करून सांगितलं, की हे सभासद हरवलेले नाहीत.”

एखाद्या सर्टिफिकेट कोर्समधून हे उत्तर येत नाही. परत येणाऱ्यांनी रेझ्युमेला पाच-पाच प्रमाणपत्रं जोडलेली असतात. त्यांचा उपयोग नाही असं नाही, पण ती पाहून विचारावं असं मला काही सुचत नाही.

मुलाखत सगळीच अशी झाली नाही. कोडिंगमध्ये तो हळू होता. आयडीईचे शॉर्टकट बोटांतून गेलेले दिसत होते, आणि कोडवर काळाचा शिक्का होता : जिथे आमची पोरं `toList()` लिहितात तिथे त्याने `Collectors.toList()` लिहिलं. ते बरोबरच आहे, दोन्हींत फरक काय तेही त्याला सांगता आलं, पण अर्ध्या तासाच्या प्रश्नाला चाळीस मिनिटं गेली. जावा २१ मधल्या व्हर्च्युअल थ्रेड्सबद्दल विचारल्यावर म्हणाला, “वाचलंय, चालवून पाहिलेलं नाही.” क्युबरनेटीसबद्दलही तेच. मी दोन्हीसमोर ‘वाचन आहे, अनुभव नाही’ लिहिलं. ‘येतं’ म्हणाला असता तर पुढच्या दोन प्रश्नांत उघडं पडलं असतं, आणि मग सिक्वेन्सच्या गोष्टीवरही माझा विश्वास राहिला नसता.

तो गेल्यावर मॅनेजर आणि माझं वाजलं. त्यांचं म्हणणं, गॅप वजा करून दोन पायऱ्या खाली घ्या. माझं म्हणणं, लीड म्हणून आज नको, कारण गेल्या पाच वर्षांत त्याने टीम पाहिलेली नाही. पण सीनियर इंजिनिअरचं काम त्याने आत्ताच फळ्यावर करून दाखवलंय. सीनियरवर ठरलं. मला ते रास्त वाटतं, जरी नऊ वर्षांच्या अनुभवाला तो थोडा उतारच होता.

पगाराचा घोळ एचआरकडे झाला. तीन महिन्यांच्या स्लिपा मागितल्या, त्याच्याकडे होत्या त्या २०१९ च्या. जुन्या पगारावर अमुक टक्के वाढ हा आमचा ठरीव हिशेब इथे लावला असता तर आकडा हास्यास्पद झाला असता. त्याने स्लिपा दिल्या आणि सोबत लिहिलं, की बोलणी या पदाच्या वेतनश्रेणीवरून व्हावीत. एचआरने थोडी खळखळ करून मानलं. तपासणी करणाऱ्या एजन्सीने गॅपचा पुरावा म्हणून दवाखान्याची कागदपत्रं मागितली, तेव्हा त्याने विचारलं की सही केलेलं स्वयंघोषणापत्र चालेल का, आईचे रिपोर्ट तिसऱ्याच्या हाती द्यायची इच्छा नाही. चाललं. पीएफच्या तारखा रेझ्युमेशी महिन्यापर्यंत जुळत होत्या, त्यामुळे पुढे कोणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या पसंतीचा उमेदवार नव्वद दिवसांच्या नोटीसवर होता. गॅपवर सर्वांत जास्त कुरकुरलेल्या आमच्या मॅनेजरांनी याच्या फॉर्मवरचा ‘नोटीस पिरियड : शून्य’ हा रकाना वाचला आणि एचआरला स्वतः फोन लावला, की सोमवारीच रुजू करून घ्या.