प्रोफाइलचं काम, अपडेट 3: ते 'सुधारून द्या' बटण

मागच्या वेळी म्हटलं होतं ना की 'माझ्याबद्दल'चा भाग लिहून टाकते, लिहिला. पण मग मजकुराच्या चौकटीखालचं, AI कडून मजकूर सुधारून घ्यायचं ते बटण दिसलं आणि हात शिवशिवले.

माझा कच्चा मजकूर असा होता: "मी जुनी चावीची घड्याळं उघडून साफ करते, तेल देते आणि परत जोडते, आत्तापर्यंत 11 चालू झाली, 2 माझ्याच हातून गेली, त्यातल्या एकाची केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग चिमट्यात वाकली."

बटण दाबल्यावर आलं हे: "घड्याळांच्या दुनियेची मनापासून आवड असलेली, बारकाव्यांवर लक्ष देणारी एक अनुभवी कारागीर, जी जुन्या घड्याळांना नवं आयुष्य देते."

पहिल्यांदा वाचून खरं सांगते, बरं वाटलं. मग 'घड्याळ' काढून तिथे 'सायकल' टाकून पाहिलं तर वाक्य तसंच्या तसं चाललं, कॅमेरा टाकला तरी चाललं. म्हणजे त्यात माझं काही उरलंच नव्हतं. हेअरस्प्रिंगच्या वाक्यात सायकल बसवून दाखवा!

मग दोन्ही मजकूर खालीवर ठेवून एकेक शब्द जुळवत बसले. 11 गेले, 2 गेले, बिघडवलेलं तर पार गायब. 'साफ करते'चं 'नवं आयुष्य देते' झालं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे 'अनुभवी कारागीर', हे मी कुठेच लिहिलेलं नाही, मला दीडच वर्ष झालंय, पण खाली नाव माझंच ना, उद्या कोणी त्या भरवशावर आजोबांचं घड्याळ पाठवलं तर काय सांगू? ते आलेलं वाक्य पुन्हा त्याच बटणातून काढून पाहिलं तर त्यात 'परंपरा आणि कौशल्याचा संगम' पण आला, तिथेच थांबले.

पण सगळंच टाकाऊ नव्हतं हां. माझं एकच लांबलचक वाक्य होतं आणि प्रोफाइलवर पहिल्या दोनतीन ओळीच दिसतात, बाकीचं 'आणखी पाहा'च्या मागे जातं. दुसऱ्या एका सूचनेत वाक्य तोडून आकडा पुढे आणला होता, तो क्रम मी उचलला, शब्द मात्र माझेच ठेवले. एक ऱ्हस्व-दीर्घाची चूकही पकडली त्याने, ती मुकाट्याने घेतली.

आता असं आहे: "11 जुनी चावीची घड्याळं चालू केली, 2 बिघडवली. उघडते, साफ करते, तेल देते, परत जोडते. हेअरस्प्रिंगला हात लावायला अजून घाबरते."

आता कच्चा मजकूर आधी वेगळ्या नोटमध्ये सेव्ह करते आणि मगच ते बटण दाबते, कारण एकदा 'स्वीकारा' दाबलं आणि जुनं कुठे गेलं ते सापडेना, आठवून परत लिहावं लागलं.

हेडलाइन अजून राहिलीय. तिथे त्याने 'घड्याळप्रेमी' सुचवलंय, आणि वैताग असा की मला अजून त्याहून बरं काही सुचलेलं नाही.