वॉलमनच्या पायांची सूज

नाना त्या दिवशी स्वतःला दाखवायला आलेच नव्हते. काकूंचा खोकला होता, ते सोबत आले होते. काकूंची छाती तपासून मी लिहायला बसले आणि सहज खाली नजर गेली, तर नानांच्या सँडलचे दोन्ही पट्टे उघडे. हा माणूस नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात ३२ वर्षं वॉलमन होता, निवृत्त झाल्यावरही शर्टाची वरची गुंडी लावल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. तो पट्टे उघडे टाकून चालेल हे काही पटेना.

"नाना, पाय वर घ्या जरा."

"काही नाही मॅडम, वयाचं आहे."

घोट्याच्या वर नडगीवर अंगठा दाबून धरला आणि सोडला. खळगा राहिला, सावकाश भरला. सकाळी कमी असते आणि संध्याकाळी पायमोज्याचा वळ उठतो, हे काकूंनी सांगितलं. नाना गप्प.

सुजलेले पाय म्हटलं की आधी हृदय, किडनी आणि लिव्हर बघायचं. तपासणी रोजचीच, इथे वर्णन करत नाही. मानेच्या शिरा फुगलेल्या नव्हत्या, छातीत पाणी नव्हतं, लघवीत प्रथिनं नव्हती, क्रिएटिनिन १.० होतं. इको तर आधीच कुणीतरी करून घेतला होता, तोही नॉर्मल. बीपी मात्र १६४/९६. आणि नाना म्हणाले, महिन्याभरापासून रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, जिना चढताना मांड्या भरून येतात.

मग मी आमच्याकडे फारसं होत नाही ते केलं, गोळ्यांची पिशवी आणायला सांगितलं. कागद नको, पिशवीच. कागदावर 'बीपी टॅब' असं लिहिलेलं असतं आणि औषधाच्या दुकानातून प्रत्येक वेळी वेगळ्या नावाची स्ट्रिप मिळते, त्यामुळे माणूस नक्की काय गिळतो हे स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचल्याशिवाय कळत नाही. नानांच्या पिशवीत दोन स्ट्रिपा निघाल्या. एक ॲम्लोडिपिन १० मिलिग्रॅम. दुसरी फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम, म्हणजे पाणी काढायची गोळी, ती दुसऱ्या एका दवाखान्यातून सूज उतरावी म्हणून दिलेली.

पहिली मीच लिहिली होती. तीन महिन्यांपूर्वी ते ५ मिलिग्रॅमवर होते, बीपी १५६ च्या आसपास रेंगाळत होतं, बाहेर वीस माणसं बसलेली. पाचाची दहा करायला एक सेकंद लागतो. गोळी तीच, वेळ तीच, पेशंटला नवीन काही समजवावं लागत नाही. म्हणून केली. हे लिहिताना अजूनही टोचतं, कारण मला माहीत असलेल्या गोष्टीच्या विरुद्ध मी ते केलं होतं.

माहीत असलेली गोष्ट अशी. एकाच गोळीचा डोस दुप्पट केल्याने बीपी जेवढं आणखी उतरतं, त्याच्या साधारण पाचपट वेगळ्या गटाची दुसरी गोळी जोडल्याने उतरतं. २००९ मध्ये ४२ चाचण्या एकत्र मांडून हा हिशेब प्रसिद्ध झाला होता. ॲम्लोडिपिनचा बराचसा गुण पहिल्या पाच मिलिग्रॅममध्येच मिळून जातो. पायांची सूज मात्र डोसाबरोबर चढत जाते. मी नानांना थोडासा गुण आणि पुष्कळ सूज दिली.

रक्ताचा रिपोर्ट दुपारी आला. पोटॅशियम २.९. साडेतीनच्या खाली जाऊ नये असं. ईसीजीत टी लाट चपटी झालेली, ठोके नियमित. पोटऱ्यांतले गोळे, मांड्यांतला थकवा, सगळं तिथेच होतं.

नानांना सगळं सांगणं मला भाग होतं, कारण दोन डॉक्टरांच्या गोळ्यांनी आजारी पडलेला माणूस पुढची गोळी का घेईल? मी कागदावर एक जाड नळी, तिच्यापुढे केसासारख्या बारीक नळ्यांचं जाळं आणि पलीकडे परतीची नळी काढली. म्हटलं, ॲम्लोडिपिन धमन्यांच्या बारीक फांद्यांच्या भिंतीतल्या स्नायूंवर काम करतं. स्नायू आवळायला पेशीत कॅल्शियम शिरावं लागतं, ही गोळी त्याचं दार अडवते. स्नायू सैल पडतात, नळी रुंदावते, दाब उतरतो. पण ती रुंदावते जाळ्याच्या अलीकडची नळी. पलीकडची, रक्त परत नेणारी, ती जवळजवळ तशीच आवळलेली राहते.

नाना कागदाकडे बघत होते. म्हणाले, "म्हणजे आवक पूर्ण खोलली आणि जावक तशीच. मग सांधे गळणारच."

मला वाक्य पुरं करायची गरजच उरली नाही. मी इतकी वर्षं हे पेशंटना सांगतेय, इतक्या थोड्या शब्दांत मला कधी जमलं नाही. जाळ्यात दाब वाढतो, पाणी भिंतींतून झिरपतं आणि उभ्या माणसात ते सगळ्यात खाली, घोट्यापाशी साठतं. अंगात पाणी जास्त झालेलं नसतंच, फक्त ते भलत्या जागी गेलेलं असतं.

"मग ती पाणी काढायची गोळी?"

"तुम्हीच सांगा."

"सांधा गळतोय म्हणून टाकी उपसली," असं म्हणून ते हसले. काकू हसल्या नाहीत.

हेच घडलं होतं. फ्युरोसेमाइड किडनीतून मीठ आणि पाणी जोरात बाहेर ढकलतं, पण काही तासच, आणि सोबत पोटॅशियमही घालवतं. हृदय कमजोर असेल, फुप्फुसात पाणी असेल, तर ते जीव वाचवतं. एरवी साध्या बीपीत त्याचा फार उपयोग नाही, कारण परिणाम ओसरला की किडनी उरलेल्या दिवसात मीठ धरून ठेवते. शिवाय रक्तातलं पाणी घटलं की किडनी रेनिन सोडते, त्यातून अँजिओटेन्सिन तयार होतं आणि ते सगळ्या नळ्या आवळायचा हुकूम फिरवतं. नानांचं बीपी दोन गोळ्यांवरही १६४ का होतं, त्याचं थोडंफार उत्तर इथे असावं. दुसऱ्या डॉक्टरांना मी फोन केला नाही. केला असता तर त्यांनी विचारलं असतं, दहा कुणी केली?

एक शंका मनात होतीच. बीपी जास्त आणि पोटॅशियम कमी अशी जोडी दिसली की मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीचा आजार आठवायलाच हवा. पण फ्युरोसेमाइड चालू असताना कमी पोटॅशियमचा दोष ग्रंथीला देता येत नाही. आधी गोळी काढायची, मग बघायचं.

फ्युरोसेमाइड त्याच दिवशी बंद केलं. पोटॅशियमचं सिरप पाण्यात मिसळून घ्यायला दिलं (चव इतकी वाईट की नानांनी दुसऱ्या दिवशी काकूंमार्फत तक्रार पाठवली). ॲम्लोडिपिन परत ५ वर आणलं. बीपीची वेगळ्या गटाची दुसरी गोळी, टेल्मिसार्टन ४०, लगेच सुरू केली नाही, चार दिवस थांबले. टाकी उपसलेल्या माणसाला ती गोळी दिली की दाब एकदम कोसळू शकतो आणि किडनीलाही ते सोसत नाही.

टेल्मिसार्टन कशाला, हे नानांनी विचारलंच. अँजिओटेन्सिनचा हुकूम ज्या जागी वाचला जातो, ती जागा ही गोळी बळकावून बसते. हुकूम निघतो, फिरतो, वाचणारं कुणी नाही. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्या त्याच साखळीत एक पायरी आधी, हुकूम तयार होण्याच्या जागीच हात घालतात, पण त्यांनी काही जणांना कोरडा खोकला लागतो. दोन्ही एकत्र द्यायच्या नाहीत. २००८ मध्ये टेल्मिसार्टन आणि रॅमिप्रिल एकत्र देऊन पाहिलं गेलं, फायदा वाढला नाही, किडनीचा त्रास वाढला. एकच साखळी दोनदा तोडून काय मिळणार? आणि नानांच्या बाबतीत मला हवं होतं ते वेगळंच, टेल्मिसार्टन जाळ्याच्या पलीकडची नळीही सैल करतं. ॲम्लोडिपिनने आवक खोलली, याने जावक.

आठवड्याने पोटॅशियम ३.८, सिरप बंद. टेल्मिसार्टन स्वतः पोटॅशियम थोडं धरून ठेवतं, त्यावर सिरप चालू ठेवणं धोक्याचं. तीन आठवड्यांनी नाना पट्टे लावून आले, ते त्यांनी आवर्जून दाखवलं. बीपी १४४/८८. पोटॅशियम पुन्हा तपासलं, ४.२. ग्रंथीचा विचार सोडून दिला.

आता तिसरी गोळी, क्लोरथॅलिडोन, अर्धी म्हणजे ६.२५ मिलिग्रॅम. इथे नाना अडले. "ही पण लघवीचीच ना?" प्रश्न रास्त होता. हीसुद्धा मीठ बाहेर काढते, पण किडनीच्या नळीत पुढच्या टप्प्यावर, हळूहळू आणि दिवसभर पुरेल अशी. काही आठवड्यांनी अंगातलं पाणी जवळजवळ पूर्ववत होतं, तरी नळ्या सैलच राहतात आणि दाब उतरलेला राहतो. हिनेही रेनिन वाढतं, पण आता हुकूम वाचणारी जागा टेल्मिसार्टनने अडवलेली होती. उलट रेनिनवर भिस्त असलेल्या शरीरात टेल्मिसार्टन जास्त चांगलं चालतं. आणि पोटॅशियमचं म्हणाल तर एक घालवते, दुसरी धरते. पहिल्या खेपेला पाणी काढायची गोळी एकटी पाठवली होती, राखणदाराशिवाय.

"तीन गोळ्या म्हणजे आजार वाढला असंच म्हणणार सगळे," काकू म्हणाल्या. हे वाक्य मी आठवड्यातून चारदा ऐकते. लोकांना एक मोठी गोळी चालते, तीन छोट्या चालत नाहीत. तिघींची मिळून एक गोळी मिळते म्हटल्यावर काकूंचा चेहरा जरा सैलावला. पण मी ती लगेच लिहिली नाही, आधी प्रत्येक गोळीचं वागणं सुटं बघायचं होतं.

दोन आठवड्यांनी रक्त पुन्हा, पोटॅशियम ४.०, सोडियम ठीक. महिन्याने बीपी १२८/७८. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन थांबवून मला फोन करायचा, आणि गुडघ्यांसाठी दुकानातून आपल्या मनाने दुखीची गोळी घ्यायची नाही, हे कार्डाच्या मागे लाल पेनाने लिहून दिलं.

त्या आठवड्यात रात्री बसून मी माझंच रजिस्टर चाळलं, ॲम्लोडिपिन १० कुणाकुणाला लिहिलंय ते शोधलं. ११ जण निघाले. फोन केले. चौघं म्हणाले, पाय सुजतात. "मग बोलला का नाहीत?" असं मी एका आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही विचारलं नाही, बाई. मला वाटलं चालतंच असेल."