वरून साळसूद, तळाशी धूर

"काहून गं, मेणबत्ती दिलीस की कंदील?" धरमपेठेतल्या काकूंचा फोन आला, तेव्हा मी वाती कापत बसले होते. लेकीच्या साखरपुड्यासाठी त्यांनी माझ्याकडून चाळीस ग्लास घेतले होते. एक घरी लावून पाहिला, तर काच आतून काळी.

दुपारी जाऊन पाहिलं. आधी संशय कूलरवर गेला, वाऱ्याने ज्योत फडफडली की धूर येतोच. कूलर बंद करायला लावला. तरी ज्योत लांब, पिवळी, आणि वातीच्या टोकाला काजळीचं बोंड. मेण निम्म्यावर आलं होतं.

चूक मग माझ्याच डोक्यात उजाडली. हिवाळ्यात मी सोया मेण वापरते. ते पन्नास अंशांच्या आतबाहेर वितळतं, त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यात ग्लासात नुसतं लोण्यासारखं होतं आणि तेल सोडतं. म्हणून या खेपेला साठच्या आसपास वितळणारं पॅराफिन घेतलं. वात मात्र सोयाचीच ठेवली. सोयाला जाड वात लागते. पॅराफिन त्याच वातीतून जास्त ओढलं जातं, सगळं नीट जळत नाही, आणि न जळलेला कार्बन म्हणजेच काजळी. मी तासभर लावून पाहिलं होतं, पण वरच्या थरात ती ज्योत साळसूद होती.

साखरपुड्याला नऊ दिवस होते. साडेसात सेंटीमीटर रुंदीच्या तीन ग्लासांत तेच मेण, तोच सुगंध, तीन जाडीच्या वाती असं करून पाहिलं. प्रत्येक वेळी वात पाच मिलिमीटर ठेवून कापायची, चार तास जाळायचं, पूर्ण थंड होऊ द्यायचं. रुंदीच्या दर इंचाला साधारण एक तास, या हिशेबाने वितळलेलं मेण तीन तासांत कडेला पोचायला हवं. जाड वातीचं सव्वा तासातच पोचलं, तिचा निकाल तिथेच लागला. मधलीचं बरोबर तीन तासांत. बारीक वातीने कडेला बोटभर मेण तसंच सोडलं, आणि मी तिला बाद करणारच होते.

तिसऱ्या दिवशी ग्लास निम्मे झाले आणि चित्र पालटलं. खाली काचेच्या भिंती उष्णता धरून ठेवतात, मेण जास्त खोल वितळतं, हवाही नीट पोचत नाही. मधलीची ज्योत वाढली, टोकाला बोंड धरू लागलं. बारीक वातीने मात्र वरचं राहिलेलं मेण आपोआप वितळवून घेतलं. शेवटपर्यंत काच स्वच्छ.

एकोणचाळीस ग्लास गरम पाण्यात ठेवून मेण काढलं, गाळलं आणि बारीक वातीवर पुन्हा ओतलं. सुगंध थोडा उडाला, तो वरून घालावा लागला. एक नवा ग्लासही केला. पोचवताना काकूंना म्हटलं, "पेटवायच्या आधी वात कापा, आणि कूलरसमोर ठेवू नका."

"मग कूलर बंद ठेवू? मे महिन्यात?"

ग्लास शेवटी देवघराच्या कोपऱ्यात मांडले.