मुख्य मजकुरात काय ठेवायचं, परिशिष्टात काय ढकलायचं: इंदूरच्या एका प्रस्तावाचा अनुभव

इंदूरच्या सहा शाळांच्या गच्चीवरचं पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचं, असा प्रस्ताव आमच्या मंडळातर्फे पुण्यातल्या एका न्यासाकडे पाठवायचा होता. मुख्य मजकुराला बारा पानांची मर्यादा होती, जोडपत्रांना पानांची अट नव्हती. अशी सूट मिळाली की जे आवरत नाही ते सगळं मागे टाकायचा मोह होतो. म्हणून मजकूर लिहायला घेण्याआधी मी परिशिष्टांचा आराखडा केला.

आराखडा म्हणजे एक साधा तक्ता. प्रत्येक कागदासाठी एक ओळ, आणि चार रकाने: हा कागद वाचणाऱ्याच्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे, तो कुठे जाणार, मजकुरातल्या कुठल्या परिच्छेदात त्याचा उल्लेख येणार, आणि कोण आणून देणार. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तो कागद जोडायचाच नाही, तो कार्यालयाच्या फाइलीत राहतो. शाळांच्या जुन्या कार्यक्रमांचे फोटो असेच गळले. न्यासाने नियमानुसार मागितलेले कागद, म्हणजे नोंदणी, प्राप्तिकर सवलतीची 12A आणि 80G प्रमाणपत्रं आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, यांना मजकुरात एकच वाक्य पुरतं.

कागद कुठे जाणार हे ठरवताना एकच कसोटी लावली: वाचणाऱ्याने परिशिष्ट उघडलंच नाही, तरी त्याला होकार किंवा नकार नीट ठरवता येईल का? (बहुतेक वाचणारे उघडत नाहीत, हे धरूनच चालावं.)

पाण्याच्या हिशेबात ही कसोटी कामाला आली. सहा गच्च्या मिळून 2100 चौरस मीटर. वर्षाचा पाऊस 900 मिलिमीटर धरला आणि त्यातलं 80 टक्के पाणी हाती लागेल असं मानलं:

```
2100 × 0.9 × 0.8 = 1512 घनमीटर
```

म्हणजे साधारण 15 लाख लिटर. प्रत्येक गच्चीचं मोजमाप, उतार आणि पाइपांची जागा परिशिष्टात गेली, शाळेमागे एक पान. पण 900 आणि 80 टक्के ही दोन गृहीतकं मजकुरातच हवीत, कारण आकडा त्यांच्यावर उभा आहे. 80 टक्क्यांऐवजी 70 टक्के धरले तर 15 लाखांचे सव्वातेरा लाख होतात. गृहीतक मागच्या पानावर आणि उत्तर पुढच्या पानावर असलं, तर वाचणाऱ्याला उत्तर तपासताच येत नाही.

खरी अडचण नकाशात होती. चौथ्या शाळेची गच्ची सगळ्यात मोठी, 500 चौरस मीटर. तिथला पुनर्भरण खड्डा सेप्टिक टँकच्या अगदी शेजारी येत होता, म्हणजे सांडपाणी भूजलात उतरायचा धोका. नकाशा परिशिष्टात होता, तेव्हा तांत्रिकदृष्ट्या काही लपवलं नव्हतं. पण ही शाळा गळली तर 3.6 लाख लिटर जातात आणि उरतात साडेअकरा लाख. आपला मुख्य आकडा बदलू शकणारी गोष्ट फक्त जोडपत्रात ठेवणं ही लबाडीच. म्हणून मजकुरात लिहिलं: ‘चौथ्या शाळेत खड्ड्याला दुसरी जागा मिळाली नाही, तर एकूण 11.5 लाख लिटर’. नकाशा मात्र मागेच राहिला.

अंदाजपत्रकाचे दोन भाग केले. मजकुरात सहा शीर्षांची बेरीज, परिशिष्टात दरपत्रकांसह तपशील. इथे घोटाळा एकाच प्रकारे होतो. पाइपाचा दर बदलला की कोणी परिशिष्ट दुरुस्त करतं आणि मजकुरातली बेरीज जुनीच राहते. मग वाचणारा दोन्ही बेरजांवर अविश्वास दाखवतो. यावर उपाय म्हणून मजकुरातले आकडे सगळ्यात शेवटी भरायचे, तेही परिशिष्टातूनच उचलून.

मुख्याध्यापकांची संमतिपत्रं हिंदीत होती. ती जशीच्या तशी जोडली आणि प्रत्येकावर मराठीत दोन ओळींचा सारांश लावला. एका पत्रात ‘सुट्टीतच काम करावे’ अशी अट होती. ती वेळापत्रकावर परिणाम करते, म्हणून मजकुरात आणली. बाकी पत्रांमधलं सौजन्य मागेच राहिलं.

परिशिष्टांना क्रमांक मजकुरात पहिला उल्लेख येतो त्या क्रमाने दिले. ‘सोबत जोडले आहे’ असं कुठेच लिहिलं नाही, ‘परिशिष्ट 3, पान 2’ असं लिहिलं. फाइली वेगवेगळ्या चढवायच्या होत्या, म्हणून प्रत्येक पानाच्या माथ्यावर प्रस्तावाचं नाव आणि परिशिष्टाचा क्रमांक टाकला, आणि फाइलींना `P3_Gacchi_Hisheb.pdf` अशी नावं दिली. क्रमांक पक्के करायचं काम मात्र मसुदा थांबल्यावरच करावं, कारण एक परिच्छेद वरखाली झाला की सगळे उल्लेख सरकतात. पाठवण्याआधी शेवटची तपासणी उलट्या बाजूने केली: प्रत्येक परिशिष्ट हातात घेऊन मजकुरात त्याचा उल्लेख शोधला.