फोटोतला तीळ आणि काकांची टाच

"मॅडम, तिळाचा फोटो पाठवलाय, जरा बघा ना. काही काळजीचं नाही ना, एवढंच सांगा."

आता तुम्ही विचारलंतच म्हणून एकदा सविस्तर लिहिते, कारण दर वेळी मी "येऊन दाखवा" लिहिते आणि समोरून "ओके" असा रुसलेला मेसेज येतो. शिष्ट आहे, फी सोडवत नाही, हे सगळं ऐकून झालंय माझं. फीचं म्हणाल तर नात्यातल्यांकडून मी आजवर घेतलेली नाही, पण ते असो.

फोटो मी बघते, अगदी झूम करून बघते. वेडावाकडा, तीन रंगांचा, काठावर शाई सांडल्यासारखा तीळ दिसला तर "उद्याच या" असं मी फोटोवरूनही सांगते आणि सांगितलेलं आहे. म्हणजे भीती घालायला फोटो पुरतो. भीती काढायला पुरत नाही, आणि तुम्हाला नेमकी तीच काढून हवी असते.

माझे एक काका, म्हणजे मावशीचे यजमान. टाचेवर काळा डाग दिसला म्हणून त्यांच्या मुलाने फोटो पाठवला, रात्री साडेदहाला. मी जेवून भांडी आवरत होते. फोटोत पिवळसर उजेडात टाच आणि तिच्यावर गुळगुळीत काठाचा एकसारखा तपकिरी ठिपका, मसूर डाळीएवढा वाटला. मी लिहिलं, "साधा तीळ वाटतोय, चप्पल घासत असेल, लक्ष ठेवा." वर हसरा चेहरा. मावशी म्हणे खूश झाली, पायावर तीळ म्हणजे प्रवासाचा योग.

आठ महिन्यांनी घरच्या लग्नात काका भेटले तेव्हा ते टाच उचलून चालत होते. दरम्यान कुणीतरी कुरूप म्हणून त्यावर पट्ट्या लावायला दिल्या होत्या, कातडी सोलून निघाली होती. कार्यालयाच्या मागच्या खोलीत मी त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि पहिल्यांदा बोटाने चाचपलं. एका बाजूला टणक उंचवटा. पर्समधल्या छोट्या पट्टीवर 14 मिलीमीटर. त्या उंचवट्याशेजारी निळसर राखाडी छटा, आणि तिथून खाली कातडीत विरघळत गेलेला काठ, जो कुठे संपतो तेच कळेना.

दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये डर्मॅटोस्कोप लावला. हे भिंग साधारण दहापट मोठं दाखवतं, शिवाय त्याच्या उजेडाची व्यवस्था अशी की कातडीवरची चमक मधे येत नाही. तळव्याला बोटांच्या ठशासारख्या रेघा असतात ना, त्यांत खाच असते आणि उंचवटा असतो. साध्या तिळाचा रंग बहुतेक वेळा खाचांमधून धावतो. काकांचा रंग उंचवट्यांवरून धावत होता, जाड पट्टे, आणि पट्ट्यांच्या मधोमध घामाच्या छिद्रांचे पांढरे ठिपके. हे दिसलं की आम्ही त्याच दिवशी तुकडा तपासायला पाठवतो. मेलेनोमा निघाला, म्हणजे कातडीतल्या रंगपेशींचा कॅन्सर. खोली 1.8 मिलीमीटर. चारी बाजूंनी दोन सेंटीमीटर चांगली कातडी घेऊन कापावं लागलं, मांडीची कातडी टाचेवर लावली, जांघेतली गाठ काढून तपासली, ती सुदैवाने साफ होती.

मग मी तो जुना फोटो परत उघडला. आणि स्वतःशीच भांडले, अजून भांडते. एक मन म्हणतं, कुणीही तेच लिहिलं असतं, फोटोत तसं काही दिसतच नव्हतं. खरंय, दिसत नव्हतं. पण का नव्हतं ते ऐका. मुलाने डाग मोठा दिसावा म्हणून फोटो कापला होता, त्यामुळे टाच किती मोठी आणि डाग किती याचा अंदाजच राहिला नव्हता. मसूर डाळ मी मनानेच ठरवली. शेजारी रुपया ठेवला असता तरी फार उपयोग नव्हता, कारण रुपयाची नाणी चालू काळातच 25, मग 22, मग 20 मिलीमीटर अशी बदललीत, आणि नाणं डागाच्या जरा पुढे ठेवलं की मोठंच दिसतं.

काठाचं तर विचारू नका. फोन फोटो काढल्यावर स्वतःच कडा धारदार करतो, मग मेसेजमधून जाताना फोटो दाबला जातो. आत विरघळणारा काठ त्यात छान रेखीव होऊन येतो, आणि आम्ही काठ रेखीव आहे म्हणून निश्चिंत. रंगाचं तसंच. पिवळ्या बल्बखाली फोन आपल्या अंदाजाने रंग सुधारतो, आणि त्या भानगडीत पहिल्यांदा हरवतो तो निळा-राखाडी, म्हणजे मला ज्याची सगळ्यात जास्त भीती वाटते तोच. रंगद्रव्य कातडीत खोल गेलं की वरून निळसर दिसतं. वरवरचं असेल तर तपकिरी.

आणि समजा उत्तम फोटो आहे, दुपारच्या उजेडात, शेजारी पट्टी ठेवून. तरी खोली कुठून दिसणार? आजार किती पुढे गेलाय ते मुख्यतः ठरतं खोलीवर, ती तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात, वरून भिंगानेही मोजता येत नाही. फोटोला टणक-मऊ कळत नाही. महिन्यापूर्वी तो कसा होता हे कळत नाही, आणि बदलतोय का हाच तर मोठा प्रश्न. 6 मिलीमीटरच्या आतला म्हणून सुटला असंही नाही, सुरुवात तर प्रत्येकाची लहानच असते. रंग नसलेला, गुलाबी, चामखिळीसारखा दिसणारा मेलेनोमाही असतो.

दुसरं मन म्हणतं, बाई, फोटोला दोष देऊन सुटू नकोस. टाच म्हटल्यावरच तुझे कान उभे राहायला हवे होते. आपल्याकडे मेलेनोमा कमी दिसतो, पण दिसतो तेव्हा तळवा, तळहात, नखाखाली असाच बऱ्याचदा दिसतो, आणि तिथे त्याला कुरूप, चामखीळ, मार लागलेलं रक्त समजून महिने जातात. हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. गायक बॉब मार्लेच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालचं आधी फुटबॉलची इजा समजलं गेलं, हेही सांगते. आणि भांडी आवरताना विसरले. त्या रात्री तो खरंच साधा होता का, की तेव्हाच सुरू झालेलं होतं, हे मला कधीच कळणार नाही. काका म्हणतात सोड ग. मला सोडता येत नाही.

तर तुमच्यापैकी बहुतेकांचे तीळ साधेच असणार, मलाही माहीत आहे. तरी मी "काही नाही" लिहिणार नाही. राग येऊ देत.

काका आता तीन वर्षं झाली, टाचेची बाहेरची कड उचलून चालतात. मध्यंतरी त्यांच्या पाठीवरच्या एका जुन्या तिळाचा फोटो आला. शेजारी शाळेतली स्टीलची पट्टी धरलेली, मावशीची बोटं दिसत होती, खाली लिहिलेलं, "हा 4 मिमी. आता तरी सांग काही नाही म्हणून."

मी लिहिलं, "गुरुवारी सकाळी या. मावशीलाही आणा, तिची पावलं बघायचीत."