1 जूनची माणसं

डिसेंबरात अंदाजपत्रकाची घाई सुरू असताना मुख्याधिकारी म्हणाले, "पाच वर्षांत रिटायर होणाऱ्यांचा बोजा काढून द्या, वरून मागितलाय." आस्थापना विभागाकडून तयार तक्ता आला. 31 कर्मचारी, आजचं मूळ वेतन गुणिले साडेसोळा, एकूण बेरीज भागिले पाच.

साडेसोळा बरोबर आहे, 33 वर्षं सेवा झालेल्याला ग्रॅच्युइटी तेवढ्या पट मिळते. पण ती मूळ वेतन अधिक महागाई भत्त्यावर, आणि तीही शेवटच्या पगाराच्या. नगरपरिषदेत आयुष्य काढलेल्यांना हे सांगावं लागतं.

मी सेवापुस्तकं काढून बसलो. तक्त्यात सगळ्यांना 58ला निवृत्त केलं होतं. चतुर्थश्रेणी 60ला जाते, म्हणून चार जण पाच वर्षांच्या बाहेरच गेले. उरलेल्या 27 जणांत नऊ जणांचा जन्म 1 जूनचा! शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली तारीख, दुसरं काय. जन्म 1 तारखेचा असला की निवृत्ती आदल्या महिन्याच्या अखेरीस, म्हणजे 31 मेला. त्यातले पाच जण एकाच वर्षी, 2028च्या मेमध्ये.

एकाचाच हिशेब सांगतो. आज मूळ वेतन 60,400. जुलैच्या दोन वेतनवाढींनंतर 64,100. भत्ता 55 टक्केच धरला (वाढेलच, नवा वेतन आयोग आला तर सगळंच बदलेल), तर पगार 99,355. ग्रॅच्युइटी 16 लाख 39 हजार, तक्त्यात 9 लाख 97 हजार होती. पेन्शन 32,050, तिच्या 40 टक्क्यांचं अंशराशीकरण, म्हणजे त्या हिश्शाऐवजी एकरकमी मिळणारे पैसे, 8.371च्या गुणकाने 12 लाख 88 हजार. शिल्लक 300 दिवसांच्या अर्जित रजेचे 9 लाख 94 हजार. हे 39 लाख एकाच माणसाचे, आणि दरमहाची पेन्शन वेगळी. बाकी चौघांचे पगार थोडे कमी आहेत, तरी पाच जणांचे मिळून पावणेदोन कोटी होतात, आणि तेही मे महिन्यात. घरपट्टीची वसुली जानेवारी ते मार्चमध्ये होते. मेमध्ये तिजोरीत पगारापुरतेही पैसे जेमतेम असतात.

महिनावार कागद घेऊन केबिनमध्ये गेलो. साहेबांनी तो पाहिला, नीट पाहिला. म्हणाले, "वर सरासरीचंच फॉर्मॅट आहे."

आकडे दुरुस्त केले, पण पाचाने भागूनच पाठवले. मागे माझा कागद टाचला. वर कुणी पान उलटलं असेल असं वाटत नाही. तेव्हा केबिनमध्ये अजून दोन वाक्यं बोलायला हवी होती का, हे अजून ठरत नाही.

गेल्या वर्षी निवृत्त झालेले मुकादम दर सोमवारी येऊन बाकावर बसतात. पैशाचं विचारत नाहीत, "चहा झाला का साहेब?" एवढंच. परवा त्यांचं सेवापुस्तक उघडलं. जन्मतारीख, 1 जून.