मे महिन्यातला ऊस

पीएच.डी.च्या मुलाखतीला आठवडा उरला असताना तो संशोधन आराखडा घेऊन आला. विषय: ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या जीवनावर स्थलांतराचे परिणाम. मूळचा बीड जिल्ह्यातला, आईवडील दोघंही तोडीला जायचे. त्यामुळे पान उघडताना माझी अपेक्षा जरा जास्तच होती.

उद्दिष्टं सात. शेवटचं नेहमीचंच, ‘उपाययोजना सुचवणे’. ते मी न बोलता खोडलं. उपाय निष्कर्षातून निघतात, ते उद्दिष्ट नव्हे. पण मुख्य उद्दिष्टातच ‘परिणाम’ होता. परिणाम म्हणायचा तर तुलना हवी, म्हणजे त्याच गावातल्या न जाणाऱ्या बायका तरी. त्या आराखड्यात कुठेच नव्हत्या.

मग वेळापत्रक. कारखान्याच्या तळावर जाऊन चारशे मुलाखती, एप्रिलअखेर ते जून.

“मे महिन्यात तळावर कोण असतं रे?”

तो ओशाळला. “कोणी नसतं, मॅडम. हंगाम संपून पट्टा पडलेला असतो. पण मी तासिका तत्त्वावर शिकवतो. सुट्टी तेव्हाच.”

अज्ञान नव्हतं, अडचण होती. आराखड्यात ती लिहिलेलीच नव्हती.

मी विचारलं, “हंगामात रजा मिळाली असं धरू. दिवसाला किती मुलाखती होतील?”

“चार.”

“तुझ्या आईला तासभर मोकळा कधी मिळायचा?”

तो थांबला. पहाटे उठून भाकरी, मग फड, मोळ्या, गाडी भरणं, परत चूल. “एक झाली तरी खूप. तीही मुकादमासमोर.”

चारशे दिवस. हंगाम पाच-सहा महिन्यांचा. कोर्सवर्कचं सत्र त्याआधी, आणि ते तर त्याने धरलंच नव्हतं.

मी म्हटलं, जागा बदल. मे महिन्यात बायका गावी असतात. तेव्हा घरात कशाची चर्चा असते?

“हिशेबाची. किती उचल फिटली, किती अंगावर राहिली.”

मग तोच प्रश्न घे. एका तालुक्यातली चार गावं, साठ जोडपी. पहिल्या मे महिन्यात हिशेब, पावसाळ्यात नवी उचल घेतली जाते तेव्हा रविवारी फेऱ्या, पुढच्या मे महिन्यात पुन्हा तीच घरं. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक, तर उचलीवर अंगठा कोणाचा आणि हिशेब कोणाला ठाऊक, हे एकच उद्दिष्ट तीन वर्षं पुरेल. आरोग्य आणि मुलांची शाळा मी काढून टाकायला लावली. त्याला ते जड गेलं, मलाही.

“पण मुकादम वही दाखवणार नाही,” तो म्हणाला. खरंच होतं ते. आठवणीवर विसंबलं तर साठ घरांत साठ आकडे निघतील.

थोड्या वेळाने तोच म्हणाला, “आई कॅलेंडरच्या मागे टनं लिहून ठेवायची. वजनाच्या पावत्याही पिशवीत असायच्या.”

आणि तिथेच त्याने घरी फोन लावला: “आई, मागच्या सालचं कॅलेंडर टाकलं तर नाहीस ना?”